शिवनेरीची एकदिवसीय सहल: आधी जोखीम पत्रक, मग संमतीपत्र

बी.एड.च्या आंतरवासितेत छात्राध्यापकांना एकदिवसीय सहलीचे जोखीम मूल्यांकन आणि पालक-संमतीचे नियोजन करायला सांगितले जाते. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या वह्यांत एक चूक वारंवार दिसते. पहिल्याच पानावर संमतीपत्राचा नमुना असतो, कुठल्या तरी जुन्या फाइलीतून उतरवलेला. त्यानंतर 'संभाव्य धोके' म्हणून पाच-सहा शब्द येतात: पाऊस, आजार, अपघात, हरवणे, उन्हाचा त्रास. ते शब्द शिवनेरीला लागू आहेत तसेच प्राणीसंग्रहालयालाही. अशी वही वाचून कुणाचेही मूल एका पायरीनेही सुरक्षित होत नाही.

काम उलट्या क्रमाने करायचे असते. आधी जागा पायांनी बघायची, मग जोखीम पत्रक लिहायचे, आणि त्या पत्रकातून संमतीपत्र काढायचे. पालकांकडून उत्तरे आली की पुन्हा जोखीम पत्रकाकडे जाऊन ते दुरुस्त करायचे. संमतीपत्रातले प्रत्येक वाक्य पत्रकातल्या एखाद्या नोंदीतून आलेले असले पाहिजे. तसे नसेल तर ते वाक्य भरतीचे आहे, किंवा पत्रकातली एखादी नोंद राहून गेली आहे.

उदाहरण म्हणून एक सहल धरू. खेड तालुक्यातली एक शाळा, सातवीचा वर्ग, पटावर ३८ मुले. मध्ययुगीन इतिहासाला जोडून शिवनेरी किल्ला बघायचा आहे. महिना डिसेंबर, वार कामकाजाचा. जाणे-येणे एसटीच्या बसने, मुक्काम नाही.

पूर्वपाहणी

किल्ला तुम्ही लहानपणी पाहिला असेल, पण ती पूर्वपाहणी नव्हे. सहलीआधी दोन-तीन आठवडे, सहलीच्याच वेळेला, त्याच वाटेने जाऊन या. सोबत मार्गदर्शक शिक्षक असतील तर उत्तम. चढताना घड्याळ लावा आणि मुलांच्या चालीने चढा. दर दरवाजापाशी थांबा, कारण मुलांचे पाणी, बूट आणि प्रश्न तिथेच निघणार आहेत.

शिवनेरीच्या पायऱ्यांच्या वाटेवर सात दरवाजे लागतात: महादरवाजा, पीर, परवानगीचा, हत्ती, शिपाई, फाटक आणि कुलाबकर दरवाजा. नियोजनासाठी हे फार सोयीचे आहे. मुलांना थांबायला, मोजायला आणि 'इथून पुढे कुणी पुढे जायचे नाही' असे सांगायला सात नैसर्गिक जागा आयत्या मिळतात. शिवाई देवीचे देऊळ मुख्य वाटेपासून बाजूला आहे, म्हणजे तिथे गटाला फाटा फुटतो. वर अंबरखाना, गंगा-जमुना ही पाण्याची टाकी, शिवजन्मस्थान, बदामी तलाव आणि टोकाला कडेलोट. दुसऱ्या बाजूने एक साखळीची वाट चढते. ती शालेय सहलीसाठी नाही, आणि तसे पत्रकात स्पष्ट लिहायचे, म्हणजे 'सर, तिकडून जाऊ या ना' या हट्टाला आधीच उत्तर तयार असते.

पाहणीत माझ्या मते या गोष्टी टिपायलाच हव्यात: कोणत्या टप्प्यावर एका बाजूला उघडा कडा आहे, पायऱ्या कुठे झिजून गुळगुळीत झाल्या आहेत, सावली आणि स्वच्छतागृह कुठे आहे आणि ते खरेच उघडे असते का, मोबाइलला रेंज कुठे जाते, आणि मधमाश्यांची पोळी कुठे लटकलेली आहेत. या शेवटच्या गोष्टीसाठी मान वर करून कडा बघावा लागतो. बरेच जण नेमके तेच विसरतात.

उतरल्यावर जुन्नरच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत जाऊन या. पायथ्यापासून किती मिनिटे लागली ते लिहा. त्यात वरून पायथ्यापर्यंत उतरायचा वेळ मिळवा. वर काही झाले तर डॉक्टरांपर्यंत पोहोचायला किती वेळ लागेल, हे त्या बेरजेतून कळते. पत्रकातला पुढचा प्रत्येक निर्णय या आकड्यावर उभा आहे.

धोका आणि जोखीम

हे दोन शब्द वह्यांमध्ये एकाच अर्थाने वापरलेले दिसतात, म्हणून थोडे थांबू. कडा हा धोका. सेल्फीसाठी मागे सरकणारा मुलगा त्या कड्यावरून पडण्याची शक्यता आणि त्या पडण्याचा परिणाम, दोन्ही मिळून झाली जोखीम. धोका आपण हलवू शकत नाही, कडा तिथेच राहणार. आपल्या हातात जोखीम कमी करणे आहे.

शक्यतेला १ ते ३ आणि परिणामाला १ ते ३ गुण द्यायचे आणि गुणाकार करायचा, ही पद्धत बहुतेकांना शिकवलेली असते. तिच्यात एक सापळा आहे. बसमध्ये एखाद्याला उलटी होणार हे जवळपास ठरलेले, म्हणून शक्यता ३, परिणाम १, गुणाकार ३. कड्यावरून पडण्याची शक्यता १, परिणाम ३, गुणाकार तोच ३. कागदावर उलटी आणि कडा एका रांगेत येऊन बसतात. म्हणून मी छात्राध्यापकांना एक नियम घालून देते: ज्या नोंदीत परिणाम ३ आहे, तिचा गुणाकार काहीही येवो, तिच्यासाठी वेगळा उपाय, जबाबदार माणसाचे नाव आणि 'काय दिसले तर थांबायचे' ही ओळ लिहिलीच पाहिजे. शिवनेरीच्या सहलीत अशा नोंदी तीन: मधमाश्या, कडा आणि पाणी, आणि रस्त्यावरचा प्रवास.

मधमाश्यांची नोंद, पूर्ण सोडवून

कड्याकपारींत आग्या माश्यांची मोठी, उघडी पोळी लागतात. शिवनेरीवर माश्यांनी पर्यटकांवर हल्ला केल्याच्या घटना घडल्या आहेत. ही जोखीम कल्पनेतली नाही, म्हणून हीच नोंद सविस्तर लिहून दाखवते.

कुणाला धोका: सगळ्यांना, पण कीटकदंशाची ॲलर्जी असलेल्या मुलाला सर्वाधिक. माश्या कशाने उठतात: धूर, पोळ्यावर दगड मारणे, उग्र वास, पोळ्याजवळची गडबड. शक्यता २, परिणाम ३.

आधीचे उपाय असे. आग्या माश्यांची वसाहत जागा बदलते, त्यामुळे तीन आठवड्यांपूर्वीची पाहणी पुरेशी नाही. आदल्या दिवशी गडावरच्या सुरक्षारक्षकांना फोन करून त्या आठवड्यात माश्या उठल्या होत्या का, हे विचारायचे. त्यासाठी त्यांचा नंबर पाहणीच्या दिवशीच घेऊन ठेवायचा. मुलांना आदल्या दिवशी सांगायचे की अत्तर, बॉडी स्प्रे, सुवासिक तेल नको. वर काहीही पेटवायचे नाही.

मग येतो घोषणांचा प्रश्न. शिवनेरीवर गेलेली सातवीची मुले शिवरायांचा जयजयकार केल्याशिवाय राहणार नाहीत, आणि त्यांना गप्प बसवणे मला योग्य वाटत नाही. त्यासाठी एक जागा आणि एक वेळ ठरवून द्यायची. पोळी जवळ नाहीत याची खात्री करून शिवजन्मस्थानाच्या परिसरात एकदाच, सगळ्यांनी मिळून, मनापासून. वाटेत कड्याखालून जाताना मात्र आवाज खाली. याच कारणाने गट गोळा करायला शिट्टी वापरू नका. भगवी किंवा पिवळी झेंडी वर धरली की थांबायचे, हा इशारा शाळेच्या मैदानावर दोनदा सराव करून पक्का करा.

माश्या उठल्या तर काय करायचे? 'पळा' एवढेच लिहिणे इथे घातक आहे, कारण वाटेच्या एका बाजूला कडा आहे. प्रत्येक टप्प्यासाठी दिशा ठरवून ठेवायची: या दरवाजाच्या अलीकडे असू तर खाली, पलीकडे असू तर पुढच्या दरवाजाच्या आत किंवा अंबरखान्यात. चेहरा ओढणीने, रुमालाने किंवा दप्तराने झाकायचा. हात झाडायचे नाहीत, माश्या मारायच्या नाहीत. टाक्यात उडी मारायची नाही, हेही मुलांना सांगावे लागते. लांब गेल्यावर नांगी नखाने खरवडून लगेच काढायची. ओठ-जीभ सुजणे, श्वासाला घरघर, अंगभर गांधी, उलटी किंवा भोवळ यांपैकी काहीही दिसले, किंवा एका मुलाला अनेक दंश झाले, तर वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा आणि खाली उतरवायला सुरुवात करायची.

थांबण्याची ओळ: रक्षकांनी त्या आठवड्यात माश्या उठल्याचे सांगितले, किंवा वाटेच्या अगदी डोक्यावर नवे पोळे दिसले, तर गड चढायचा नाही. हा निर्णय कोण घेणार त्याचे नाव लिहा. 'सर्वानुमते' असे लिहू नका. पायथ्याशी उत्साही मुले समोर उभी असताना सर्वानुमते नकार येत नाही.

कडा, पाणी आणि रस्ता

कडेलोटाला कठडा असला तरी तिथे एका वेळी एकच गट न्यायचा, मोठ्या माणसाने कड्याच्या बाजूला उभे राहायचे, आणि फोटो तिथे न काढता मागे सरकून मोकळ्या जागेत काढायचे. टाकी आणि तलावाच्या काठाशी पाण्याची बाटली भरायला कुणी वाकणार नाही, यासाठी प्रत्येकाने दीड-दोन लिटर पाणी घरून आणायचे. खाली बसमध्ये एक भरलेला कॅन ठेवायचा.

वाहनाबाबत एसटीच्या आगारात प्रासंगिक कराराची चौकशी लवकर करा. शालेय सहलींना भाड्यात ५० टक्के सवलत मिळते आणि डिसेंबर-जानेवारीत मागणी मोठी असते. बसची आसने किती, हे आगारातून लेखी घ्या आणि त्या आकड्यावर मुलांची संख्या ठरवा. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी सहलीला आलेल्या शाळेची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि सगळ्यांना लाइफ जॅकेट दिलेली नव्हती. बोट असो की बस, 'जरा सरकून घ्या' हे वाक्य तोंडातून येणार नाही असा आकडा आधीच पक्का झालेला असला पाहिजे. आपल्या उदाहरणात आगाराने ४४ आसने सांगितली आहेत असे धरू.

परतीची वेळ माझ्या लेखी सर्वांत कडक आहे. केरळमध्ये वडक्कंचेरीजवळ ५ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री वेगात जाणारी सहलीची बस दुसऱ्या बसवर आदळून ९ जण मेले. एकदिवसीय सहलीत अंधारातला प्रवास नकोच. आपल्या वाटेवर आणखी एक स्थानिक कारण आहे. जुन्नर-नारायणगाव पट्ट्यात उसाची शेते आहेत आणि त्यांत बिबट्यांचा वावर आहे. संध्याकाळी उशीर झाला आणि कुणाला लघवीला लागली म्हणून उसाच्या कडेला बस थांबवली, असे घडता कामा नये. स्वच्छतागृहाचे थांबे जाताना आणि येताना आधी ठरवलेल्या जागीच.

या सगळ्यातून वेळापत्रक आपोआप निघते. शाळेतून ७ वाजता निघायचे, ९ च्या सुमारास पायथा, साडेनऊला चढाई सुरू, साडेदहा-पावणेअकराला वर. साडेबाराला उतरायला लागायचे, दीडला खाली जेवण, पावणेतीनला बस सुटली की पाच-सव्वापाचपर्यंत शाळा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे हाताशी पाऊण तास राहतो. हा पाऊण तास टायर पंक्चर होण्यासाठी राखलेला आहे. वाटेत आणखी एखादे ठिकाण 'उरकण्यासाठी' तो वापरायचा नाही.

बाकीच्या नोंदी थोडक्यात लिहिल्या तरी चालते. बस लागणाऱ्या मुलांना पुढची आसने आणि पिशव्या. मुलींसाठी पॅडची पिशवी शिक्षिकेकडे असेल आणि कुणाकडे मागायची हे मुलींना आधी सांगितलेले असेल. माकडांसमोर डबा उघडायचा नाही. १९ फेब्रुवारीच्या आसपास गडावर शिवजयंतीची मोठी गर्दी असते, म्हणून ते दिवस टाळायचे. पावसाळाही टाळायचा, पायऱ्या निसरड्या होतात आणि दगड सुटतात.

मोजणी

सोबत पाच मोठी माणसे धरू, त्यांत किमान दोन शिक्षिका. प्रत्येकाकडे सात-आठ मुलांचा गट, गटाची नावांची यादी गटप्रमुखाच्या खिशात. मोजणीच्या जागा पत्रकात लिहून ठेवा: बसमध्ये चढल्यावर, पायथ्याशी, फाटक दरवाजापाशी, वर पोहोचल्यावर, उतरायला लागण्याआधी, जेवणानंतर बसमध्ये.

मोजणी आकड्याने करू नका, नावाने करा. मी नवी असताना आमच्या दोन बस होत्या. एका थांब्यानंतर माझ्या बसमधली डोकी मोजली, आकडा बरोबर आला, बस सुटली. बऱ्याच अंतरावर कळले की दुसऱ्या बसमधला एक मुलगा मित्राशेजारी बसायला आमच्याकडे आला होता आणि आमची एक मुलगी मागे राहिली होती. ती दुसऱ्या बसमध्ये सापडली, रस्त्यावर नव्हती, पण ते कळेपर्यंतची मिनिटे मला आजही आठवतात. आकडा जुळला होता, मुले जुळली नव्हती.

बस एकच असली तरी एक राखीव वाहन ठेवा. एखाद्या मुलाला मध्येच दवाखान्यात न्यावे लागले तर बस त्याच्यासोबत गेली आणि बाकीची मुले पायथ्याशी उरली, असे व्हायला नको. एखाद्या शिक्षकाची गाडी किंवा आधी बोलून ठेवलेले जुन्नरमधले भाड्याचे वाहन, यांपैकी एक पत्रकात नंबरासह असावे.

आता संमतीपत्र

जोखीम पत्रक तयार झाल्यावरच कागद घ्या. जुन्या नमुन्यांत एक वाक्य हमखास सापडते: 'सहलीत काही बरेवाईट झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही.' ते काढून टाका. शाळेचा निष्काळजीपणा असेल तर असे वाक्य शाळेला वाचवत नाही. शिवाय ते वाचून पालकाला सहलीबद्दल नवी माहिती काहीच मिळत नाही. संमती म्हणजे नेमके काय होणार आहे हे कळल्यावर दिलेला होकार. जे सांगितलेच नाही, त्याला कुणी होकार दिला असे म्हणता येत नाही.

आपल्या सहलीचे पत्र असे होईल:

आदरणीय पालक,

इयत्ता सातवीच्या इतिहास विषयाच्या अभ्यासासाठी दि. ______ रोजी शिवनेरी (ता. जुन्नर) येथे एकदिवसीय सहल नेत आहोत. सकाळी ७ वाजता शाळेतून एसटी बसने निघू आणि संध्याकाळी सव्वापाचपर्यंत शाळेत परत येऊ. सोबत ५ मोठी माणसे असतील, त्यांत किमान २ शिक्षिका.

मुलांना सुमारे एक तास दगडी पायऱ्या चढाव्या लागतील. वाटेत काही ठिकाणी एका बाजूला कडा आहे. गडावर पाण्याची टाकी आहेत. मुले पाण्यात उतरणार नाहीत. कड्यांवर आग्या माश्यांची पोळी असतात. आदल्या दिवशी आम्ही गडावर चौकशी करू आणि धोका वाटल्यास गड चढणार नाही; तसे झाल्यास पायथ्याशीच अभ्यास घेऊन परत येऊ. गडाच्या माथ्यावरून जुन्नरच्या ग्रामीण रुग्णालयात पोहोचायला सुमारे ____ मिनिटे लागतात.

कृपया खूण करा: माझ्या पाल्याला सहलीला पाठवत आहे / पाठवत नाही.

पाल्याला दमा, फिट येणे, हृदयाचा त्रास, कीटकदंशाची किंवा औषधाची ॲलर्जी, अलीकडची दुखापत किंवा शस्त्रक्रिया यांपैकी काही आहे का? चालू औषधे कोणती? (ही माहिती फक्त सहलप्रमुख आणि पाल्याच्या गटप्रमुखाकडे राहील.)

तातडीची गरज पडल्यास जवळच्या रुग्णालयात उपचार सुरू करण्यास माझी संमती आहे / नाही. त्याच वेळी मला या क्रमांकांवर कळवावे: १) ______ २) ______

परत आल्यावर पाल्याला न्यायला येणारी व्यक्ती: ______

छायाचित्रे शाळेच्या फलकावर लावण्यास / समाजमाध्यमांवर टाकण्यास माझी संमती आहे / नाही.

सहल न करणाऱ्या मुलांसाठी त्या दिवशी शाळेत वर्ग चालू राहील. सहलीची रक्कम भरणे शक्य नसल्यास मुख्याध्यापकांना सांगावे. त्या कारणाने कोणतेही मूल मागे राहणार नाही.

पालकाची सही / अंगठा: ______ नाते: ______ साक्षीदार (अंगठा असल्यास): ______

या पत्रात रुग्णालयापर्यंतची मिनिटे लिहिली आहेत. काही मुख्याध्यापक म्हणतात, 'एवढे लिहिले तर पालक घाबरतील.' माझा अनुभव वेगळा आहे. ज्या आईला आपल्या मुलाचा दमा माहीत आहे, तिला हाच आकडा हवा असतो, आणि तो वाचूनच ती इनहेलर द्यायचे लक्षात ठेवते. 'पाठवत नाही' हा पर्यायही पत्रात असलाच पाहिजे. फक्त होकाराचा रकाना असेल तर नकार देणारे पालक पत्र परतच करत नाहीत, आणि मग गप्प बसणे म्हणजे नकार की विसर, हे कळत नाही.

पत्र मुलांच्या हाती देण्याआधी पालकसभेत पूर्ण वाचून दाखवा. पैशांची पावती आणि संमतीपत्र वेगळे ठेवा. पैसे भरले म्हणजे संमती आली असे कुणी समजू नये.

उत्तरे आल्यावर

३८ पत्रे दिली. ३३ होकार आले, २ नकार, ३ परत आलीच नाहीत. प्रात्यक्षिकाचा खरा कस इथे लागतो, आणि बरेच जण नेमके इथे थांबतात.

न आलेल्या तीन पत्रांना होकार समजायचे नाही. एका मुलाचे आई-वडील ऊसतोडीला गेलेले, तो आजीजवळ राहतो, आजीला वाचता येत नाही. वर्गशिक्षिकेने घरी जाऊन पत्र वाचून दाखवले, वडिलांशी फोनवर बोलणे करून दिले, आजीचा अंगठा घेतला आणि शेजाऱ्याची साक्षीदार म्हणून सही. दुसऱ्या घरी पैशांची अडचण होती, ती बोलून दाखवायला संकोच. तिसऱ्याचे पत्र दप्तराच्या तळाशी चुरगळलेले सापडले. तिघांची संमती आली, होकार झाले ३६.

दोन नकारांपैकी एका मुलीच्या पायाचे प्लास्टर नुकतेच काढले होते. दुसऱ्याच्या घरी त्या दिवशी लग्न होते. नकाराचे कारण विचारावे, पण पटवायला जाऊ नये.

आणि ३३ होकारांत एक पत्र असे होते की त्याच्यामुळे पत्रक पुन्हा उघडावे लागले. होकारावर खूण, आणि खाली लिहिलेले: 'दोन वर्षांपूर्वी गांधीलमाशी चावली तेव्हा तोंड सुजले, श्वास अडकला, दवाखान्यात ठेवले होते.' पालकांनी काही न लपवता लिहिले होते आणि मुलीला जायचेही होते. माझ्या मते हा निर्णय छात्राध्यापकाने एकट्याने घेऊ नये. मार्गदर्शक शिक्षक, मुख्याध्यापक आणि पालक एकत्र बसले, त्यांच्या डॉक्टरांचे मत लेखी घेतले. गडमाथ्यावरून उपचारांपर्यंतचा वेळ या मुलीसाठी जास्त होता, म्हणून ती गडावर जाणार नाही असे ठरले. संख्या झाली ३५.

पण एखाद्या मुलाला वगळणे हा उपाय सहज लिहिला जातो, म्हणून इथे दोन प्रश्न स्वतःला विचारायचे. जागा ठरवण्याआधीच आरोग्याची माहिती घेतली असती, तर आपण दुसरी जागा निवडली असती का? पुढच्या वर्षीच्या नियोजनात हा क्रम बदलावा, असे वहीत नोंदवा. दुसरा प्रश्न, सहलीला न गेलेल्या तिघांना काय मिळाले? आपल्या आराखड्यात त्या तिघांनी सहलीच्या दिवशी गडाचा सात दरवाजांचा मोठा नकाशा तयार करायचा होता, आणि सहलीनंतरच्या तासाला वर्गाला तो नकाशा ॲलर्जी असलेल्या त्या मुलीने समजावून द्यायचा होता. लग्नाला गेलेल्या मुलाचा वाटा दुसऱ्या दिवशी.

३५ मुले आणि ५ मोठी माणसे मिळून ४०, बसची आसने ४४. चार रिकामी राहतात. ती कुणा शिक्षकाच्या भाच्याने भरायची नाहीत. उलटी झालेल्या मुलाला आडवे करायला जागा लागते.

सहलीचा प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवताना जोखीम पत्रक, मुलांची यादी, संमतीपत्रे आणि बसची कागदपत्रे सोबत जोडा. जिल्ह्यागणिक परिपत्रकात काय मागितले आहे ते कार्यालयातून घेऊन तपासा, आणि परवानगी हाती येईपर्यंत पालकांना तारीख 'अपेक्षित' म्हणूनच कळवा.

आदला दिवस आणि नंतरचा दिवस

आदल्या दिवशी गडावरच्या रक्षकांना फोन. संमतीपत्रांतला प्रत्येक मुलाचा पहिला नंबर लावून बघा. बंद असलेले नंबर त्याच दिवशी सापडतात. आरोग्याच्या माहितीचा सारांश एका कागदावर, फक्त सहलप्रमुख आणि त्या-त्या गटप्रमुखाकडे. व्हॉट्सॲप गटावर ही माहिती टाकू नका. दमा असलेल्या मुलाचे इनहेलर त्याच्या स्वतःच्या खिशात, आणि ते कसे घ्यायचे हे गटप्रमुखाने त्याच्याकडूनच समजून घेतलेले असावे. ११२ आणि १०८ हे क्रमांक, जुन्नर ग्रामीण रुग्णालय, पोलीस ठाणे, शाळेत थांबलेल्या शिक्षकाचा नंबर, सगळे एका चिठ्ठीवर, पाचही जणांकडे. फोनची बॅटरी संपते म्हणून कागदच.

परत आल्यावर मुलाला पत्रात लिहिलेल्या व्यक्तीच्याच हाती द्यायचे आणि यादीवर खूण करायची. दुसऱ्या दिवशी पाचही मोठ्या माणसांनी अर्धा तास बसून पत्रकाच्या शेवटच्या रकान्यात लिहायचे की प्रत्यक्षात काय झाले. कुणी घसरले पण लागले नाही, फाटक दरवाजापाशी मोजणीला जास्त वेळ लागला, एका गटाचे पाणी वर पोहोचेपर्यंत संपले, अशा बारीक नोंदी पुढच्या वर्षीच्या छात्राध्यापकाला सगळ्यांत जास्त उपयोगी पडतात. सह्या असलेली संमतीपत्रे शाळेच्या दप्तरात जातील. आरोग्याच्या सारांशाच्या प्रती परत गोळा करून, मोजून, फाडून टाकायच्या.